'डी-टॅन' पॅक नेमकं काय काढतो?

कडेगाव परिसरात लग्नसराई आली की 'वीस मिनिटांत टॅन गायब' असे फलक दिसू लागतात. हा दावा खोटा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं.

उन्हात त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त बनवतात आणि ते वरच्या पेशींमध्ये पोहोचतं. हाच टॅन. तो धुळीसारखा वर बसलेला नसतो, त्यामुळे वीस मिनिटांत पुसला जात नाही.

मग पार्लरमधून बाहेर पडताना चेहरा उजळ का दिसतो? अनेक पॅकमध्ये ब्लीच असतं. डब्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनिया ही नावं वाचा. त्याने चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते. लॅक्टिक अॅसिड किंवा स्क्रबने मृत पेशींचा पातळ थर निघतो. मुलतानी माती तेल शोषते. लव, मृत पेशी आणि तेल, एवढंच बदललं. टॅन जागेवरच आहे. आरशाजवळ जाऊन लव पाहा, लगेच कळेल.

नायसिनामाइड, कोजिक अॅसिड, ज्येष्ठमध यांच्या क्रीमने थोडा फरक पडू शकतो, पण त्याला काही आठवडे लागतात. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. ऊन टाळलं तर टॅन क्रीमशिवायही काही आठवड्यांत ते काही महिन्यांत फिका होतो. रोज उसात किंवा द्राक्षबागेत राबणाऱ्याचा टॅन मात्र रोज नव्याने बनतो. तिथे पूर्ण बाह्या, स्कार्फ आणि एसपीएफ 30 चं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावणं, हे कोणत्याही पॅकपेक्षा उपयोगी.

किती उजळ होता येईल? दंडाची आतली बाजू पाहा. तो तुमचा मूळ रंग. त्यापलीकडे नेण्याचं आश्वासन देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

कारण आठवड्याभरात गोरं करणाऱ्या बिनलेबल क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, पुरळ उठतं आणि क्रीम बंद करताच चेहरा लाल होऊन जळजळतो. पारा तर त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडावर घाव घालतो. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघींना 2022 मध्ये मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडचं गोरं करणारं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा पारा सापडला. ते डी-टॅन म्हणून विकलेलं नव्हतं, पण आश्वासन तेच होतं: लवकर उजळ.

असं क्रीम लावताना पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवा, डबा सोबत घ्या आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या.

लग्न दहा दिवसांवर असेल, तर नवं काहीही चेहऱ्याला लावू नका. टॅन असलेला चेहरा फोटोत चालतो, भाजलेला चालत नाही.