किती तास झाले?

औषधांच्या दुकानात तातडीची गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्या मुलीला आमच्याकडे पहिला प्रश्न होतो, "लग्न झालंय का?" या प्रश्नाचा त्या गोळीशी काडीचाही संबंध नाही. गोळीला एकच हिशेब कळतो, तो तासांचा.

समजा, प्रसंग शनिवारी रात्री ११ चा. सोमवारी सकाळी ११ ला, म्हणजे ३६ तासांनी, मुलगी दुकानात आली आणि त्या प्रश्नासरशी मान खाली घालून परतली. दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याचे धैर्य तिला मंगळवारी संध्याकाळी ७ ला झाले. म्हणजे ६८ तास! लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची हे खरे. पण ती काम करते स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवून. मधल्या ३२ तासांत बीज सुटले असेल, तर गोळी फुकट. नीतीच्या या रखवालदारांनी खाल्ले ते नेमके हेच तास. (राहिलेला गर्भ ही गोळी पाडीत नाही, हेही त्यांना ठाऊक नसते.)

मग विचारावे काय? "ताई, किती तास झाले? क्षयाची किंवा फिटची औषधे चालू आहेत का?" कारण त्यांतली काही गोळीचा जोर कमी करतात. सांगावे ते असे: आत्ताच घ्या, दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्या, यापुढच्या संबंधाला ही पुरणार नाही, पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घ्या. आणि उशीर झालाच असेल, तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेता येते. ती गोळीहून अधिक भरवशाची.