फोटोवरून कापड ओळखताना : दिसतं ते लिहा, वाटतं ते वेगळं लिहा



आपल्याकडे कार्यानुभवाच्या वहीत कापडाचे तुकडे चिकटवायची पद्धत जुनी आहे. आता मुलं तुकड्याऐवजी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवतात. खाली एका शब्दात लिहितात, ‘सुती’, ‘रेशमी’, ‘टेरिकॉट’. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मीही अनेक वर्षं हेच केलं. ही पद्धत चुकीची आहे, असं आज मला वाटतं, आणि ते मी माझ्याच चुकीतून शिकलो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने फोटो पाठवला होता. सासूबाईंची जुनी साडी, पदराजवळ चहाचा डाग. विचारलं, ‘‘सर, हे कायचं कापड हाय जी? घरी धुतलं तर चालंल का?’’ फोटोत मरून रंगाचा काठ होता आणि बाजूला बोटभर फिक्कट अंग दिसत होतं. काठाचं सूत गोल, एकसारखं, पीळ घातलेलं. मी लगेच सांगितलं, ‘‘सुती आहे, धुवा बिनधास्त.’’ त्यांनी साडी पावडरीत ब्लीच टाकून रात्रभर भिजत ठेवली. सकाळी काठाचा रंग थोडा उतरला होता, पण सूत शाबूत होतं. साडीचं अंग मात्र पिवळं, राठ झालं होतं आणि बोट लावलं की फाटत होतं.

काठ सुतीच होता, पण अंग कोशाचं होतं. आपल्या पवनीत, भंडारा जिल्ह्यात, ज्या करवती काठाच्या साड्या विणल्या जातात, त्यांत ही जोडी नेहमीची: अंगात कोसा म्हणजे टसर, आणि काठाला रंगीत सूत. या कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इथे राहून मला ते सुचू नये, याचं कारण एकच. मी जे दिसलं ते सांगितलं नाही, मला जे वाटलं ते सांगितलं.

फोटोतून तीन गोष्टी विचारल्या जातात: वीण कोणती, नक्षी छापील की विणलेली, आणि धागा कशाचा. या तिन्हींची खात्री सारखी नसते, हाच माझा मुद्दा आहे.

वीण फोटोत सर्वांत चांगली कळते. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. एक वर, एक खाली अशी चटईसारखी वीण दिसली तर साधी वीण. जीन्सच्या पॅंटवर तिरक्या रेघा दिसतात, ती तिरकी वीण. धागे लांबलांब तरंगत गेलेले आणि पृष्ठभाग चकचकीत असेल तर साटीन. ते कापड बांगडीत, खिळ्यात लगेच अडकतं. पण फोटो जवळून हवा, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न लावता. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे एका सेंटिमीटरात किती धागे ते मोजता येतं. पांढरा कागदही ठेवा. पिवळ्या बल्बखाली पांढरं सूतसुद्धा कोशाच्या रंगाचं दिसतं. बारीक विणीच्या फोटोत कधी कधी लाटांसारखे पट्टे दिसतात. फोटो मोठा-लहान केला की ते पट्टे जागा बदलतात. ती कापडावरची नक्षी नव्हे, कॅमेऱ्याचा खेळ आहे.

छापील की विणलेली, हे ओळखायला दोन फोटो लागतात, सुलट आणि उलट बाजूचा. करवती काठाचंच घ्या. विणकर तीन धोटे वापरतो: एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा एकमेकांत अडकून परत वळतात. म्हणून करवतीच्या दाताची कड जवळून पाहिली तर लहान लहान पायऱ्यांची दिसते, आणि उलट बाजूलाही रंग तितकाच गडद असतो. नकली कापडावर हेच दात छापलेले असतात. तिथे आडवा धागा सरळ पुढे जातो आणि मध्येच त्याचा रंग बदलतो. उलट बाजू बहुतेक वेळा फिकी पडलेली असते.

धाग्याच्या जातीचं मात्र फोटोवरून अनुमानच होतं. कोशाचा धागा जाड-बारीक, जरा चपटा, मध्ये गाठी, रंग मधासारखा, चमक दबलेली. पण अशा गाठी मुद्दाम घातलेलं पॉलिस्टरही बाजारात मिळतं, आणि चमक आणलेलं मर्सराइज्ड सूत फोटोत रेशमासारखं दिसतं. खात्री करायची तर पदराच्या टोकाचा एक ताण्याचा आणि एक बाण्याचा धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहावा. काठाचा धागा वेगळा तपासावा. हे काम मोठ्या माणसाचं, मुलांनी फक्त लांबून पाहायचं. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली की काळी पूड होते. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी बनतो. यालाही मर्यादा आहेत. व्हिस्कोस सुतासारखंच जळतं, आणि मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र येतात.

आता निगेचं. धागा नक्की नसेल तेव्हा सल्ला नेहमी जास्त नाजूक शक्यतेप्रमाणे द्यावा. त्या साडीसाठी मी असं सांगायला हवं होतं: ‘‘काठ सुती दिसतो, अंग कोशाचं असू शकतं. म्हणून ब्लीच अजिबात नको.’’ क्लोरीनचं ब्लीच रेशमाचा धागाच विरघळवतं, सूत थोडा वेळ तरी तग धरतं. तीव्र क्षाराची पावडरही रेशमाला नको. आधी काठाच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून पाहायचा. रंग लागला तर घरी धुवायचंच नाही, कारण तो अंगावर उतरेल. नाही लागला तर थंड पाणी, सौम्य साबण, दोन-चार मिनिटं, भिजत ठेवायचं नाही, पिळायचं नाही. सावलीत वाळवायचं. इस्त्री उलट बाजूने, रेशमाच्या खुणेवर. ही काळजी घेतल्याने सुती कापडाचं काही बिघडत नाही. उलट केलं तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

म्हणून आता मी वहीत तीन रकाने पाडून घेतो: ‘काय दिसतं’, ‘काय वाटतं’, ‘खात्री कशाने होईल’. परवा एका मुलाने लिहिलं, ‘साधी वीण दिसते. कोसा वाटतो. उलट बाजूचा फोटो नाही, धागा जाळला नाही.’ कापडाचं नाव त्याने ठामपणे लिहिलं नव्हतं, तरी मी पूर्ण गुण दिले. ‘‘उत्तरच नाही तर गुण कशाचे?’’ असं एका सहकाऱ्याने विचारलं. माझ्या मते तिसरा रकाना हेच उत्तर आहे. मी स्वतः तो भरला असता तर त्या बाईंच्या घरी सासूबाईंची साडी आज नेसण्याजोगी असती.