मांजराची जाळी कडेवर तपासा

उंच इमारतीत मांजर पाळणाऱ्या घरात बाल्कनीच्या जाळीचा विषय काढला की तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवरच पडतं. दुसरं, आमच्याकडे कबुतरांची जाळी आणि ग्रिल आधीपासूनच आहे. तिसरं, जाळीत कोंडून ठेवायचं तर मांजर पाळायचंच कशाला? ही उत्तरं देणारी माणसं निष्काळजी नसतात, मांजरावर जीव टाकणारीच असतात. म्हणून त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

चार पायांवर पडण्याची गोष्ट खोटी नाही. पडताना अंग वळवून पाय खाली आणायची सहजक्रिया मांजरात असते आणि त्यासाठी त्याला काही फुटांचं अंतर पुरतं. या म्हणण्याला शास्त्राचा आधार म्हणून 1987 साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातून आलेला अभ्यास पुढे केला जातो. उंचावरून पडलेली 132 मांजरं तिथे आली होती आणि उपचार केलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली. सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना त्याखालून पडलेल्यांपेक्षा कमी इजा झाल्याचंही त्यात दिसलं. त्यातून ‘जितकं उंच तितकं बरं’ असा निष्कर्ष लोकांनी परस्पर काढून टाकला. पण ही आकडेवारी रुग्णालयात आणलेल्या मांजरांची आहे. जे खाली पडताच मेलं, त्याला रुग्णालयात कोण नेणार? ते या गणतीत येतच नाही, आणि जितकी उंची जास्त तितकी अशी न मोजलेली मांजरं जास्त असण्याचा संभव आहे. पुढे 2004 साली झाग्रेब शहरातल्या 119 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतेक वाचली, पण सातव्या किंवा त्यावरच्या मजल्यावरून पडलेल्यांच्या इजा अधिक गंभीर होत्या आणि छातीला मार लागण्याचं प्रमाण जास्त होतं. निम्म्याहून अधिक मांजरं एक वर्षाच्या आतली होती, म्हणजे आपल्या घरात ज्या वयाचं पिल्लू कौतुकानं आणलं जातं त्याच वयाची.

शिवाय पायांवर पडणं म्हणजे सुखरूप पडणं नव्हे. पाय टेकतात, पण वेग तेवढ्यानं जिरत नाही. छाती आणि हनुवटी जमिनीवर आदळते. जबडा मोडतो, टाळू मधोमध फाटतो, फुप्फुसाला मार बसतो, छातीच्या पोकळीत हवा साठते. अशा वेळी मांजर उठून चालू लागलं म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि काही तासांनी ते तोंड उघडून धापा टाकू लागतं. म्हणून पडलेलं मांजर चालत असलं तरी त्याला लगेच डॉक्टरकडे नेलं पाहिजे.

‘मांजर मुळात पडेलच कशाला, त्याचा तोल केवढा!’ असंही म्हणतात. हा तोल नखांच्या पकडीवर चालतो. झाडाच्या सालीत नख रुततं, गुळगुळीत ग्रॅनाईटच्या उंबऱ्यावर किंवा रंगवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ते रुतत नाही. त्यातच एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतर येऊन बसतं आणि मांजर आयुष्यभर ज्यासाठी घडलंय तेच करतं, झेप घेतं. हे व्हायला एक क्षण लागतो. ‘आम्ही लक्ष ठेवतो’ म्हणणारा माणूस त्याच खोलीत असला तरी तेवढ्यात त्याचा हात पोचत नाही.

आता दुसरं उत्तर, कबुतरांच्या जाळीचं. खरा घोळ इथे आहे. कबुतरांच्या जाळीला एकच काम असतं, बाहेरचा पक्षी आत येऊ द्यायचा नाही. पक्षी जाळीवर भार टाकत नाही, तिच्यावर चढत नाही, तिला चावत नाही, कड उचकटत नाही. म्हणून दीड-दीड फुटावर हूक ठोकून जाळी ताणली की ते काम भागतं. मांजर यातली प्रत्येक गोष्ट करतं, आणि तेही आतल्या बाजूनं. चार किलोचं मांजर जाळीला उडी मारून लटकतं तेव्हा त्याचा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. जाळीच्या मध्यभागी तो पसरून जातो, पण शेवटी तो सोसायचा असतो कडेच्या हुकांना. म्हणून मांजर मधलं भोक फाडून बाहेर पडण्यापेक्षा सुटलेल्या कडेतून निसटण्याची भीती जास्त. पावसाच्या पाण्याचा पाईप भिंतीलगत खाली जातो तिथे, रेलिंगच्या काचेखाली किंवा कोपऱ्यातला एक हूक निघालेला असतो तिथे एकदा बोटं घालून बघा. जाळी हातानं बाजूला सरते आणि मूठ आरपार जाते. जिथून मूठ जाते तिथून पिल्लू जातं.

ग्रिलचंही तेच. लोखंडी ग्रिलच्या गजांमध्ये चार इंचांची फट असते आणि मोठ्या मांजराचंही डोकं तिथून सहज जातं. डोकं गेलं की अंग जातं. आडवे गज असले तर मांजराला शिडीच मिळते. हल्ली लोकप्रिय असलेल्या तारांच्या ‘अदृश्य ग्रिल’मध्ये दोन तारांतलं अंतर सहसा दोन-तीन इंच असतं. त्यातून पिल्लू सरळ निघून जातं आणि तारा पुरेशा ताणलेल्या नसल्या तर अंगाच्या रेट्यानं दोन तारा फाकवून मोठं मांजरही जाऊ शकतं. असं ग्रिल असेल तर ते राहू द्या, पण त्याच्या आत जाळी हवीच.

मग नेमकं करायचं काय? ठाण्यातला अकराव्या मजल्यावरचा नेहमीसारखा टू बीएचके घेऊ. बाल्कनी तीन मीटर रुंद, स्लॅबपर्यंतची उंची 2.8 मीटर, काचेचं रेलिंग आणि काचेखाली आठ सेंटिमीटरची फट. जाळीवाला पुष्कळदा रेलिंगच्या वरच्या पाईपापासून स्लॅबपर्यंतच जाळी लावायचं सुचवतो. ते नाकारा. खालची फट हीच पिल्लाची वाट असते, त्यामुळे जाळी जमिनीपासून स्लॅबपर्यंत अखंड हवी. भोक 25 मिलिमीटरपेक्षा मोठं नको. धागा जाड, वळलेला आणि उन्हाला टिकणाऱ्या प्रतीचा असावा. मासेमारीच्या दोऱ्यासारखी पारदर्शक बारीक जाळी घेऊ नका. मांजर ती चावून तोडतं, आणि न दिसणाऱ्या त्या धाग्यात पक्षी अडकून मरतात. जाड काळी जाळी ताणून लावली की पक्ष्यांना दिसते, आणि आतून बघताना आपल्या डोळ्यांना ती फारशी खुपत नाही.

आता कड. चौकटीच्या चारही बाजू मिळून 11.6 मीटर होतात. दीड फुटाच्या हिशेबानं जाळीवाला इथे पंचवीसेक हूक लावील. आपल्याला खालच्या कडेला दर 15 सेंटिमीटरला आणि बाकी तिन्ही बाजूंना दर 25 सेंटिमीटरला एक, असे साधारण पंचावन्न हवेत. हुकांमधून सलग स्टीलची बारीक तार ओवून ती ताणायची आणि जाळीची कड दुमडून त्या तारेला बांधायची. म्हणजे एखादा हूक निघाला तरी तिथे भोक पडत नाही. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात नेहमीची प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, भुगा होऊन बाहेर येते. तिथे त्या ब्लॉकसाठी बनवलेले लांब फास्टनर वापरावेत किंवा हूक काँक्रीटच्या कॉलम-बीममध्ये घ्यावेत. बाल्कनीच्या जमिनीत मात्र भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटून खालच्या घरात गळती होते. खालची कड रेलिंगच्या खांबांना घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला बांधा आणि पट्टी व जमीन यांत दोन बोटंही शिरणार नाहीत एवढंच अंतर ठेवा.

बाल्कनी झाली म्हणजे घर झालं असं नाही. स्लायडिंग खिडकीचं डासांच्या जाळीचं शटर मांजर पंजानं सरकवतं, म्हणून त्याला स्टॉपर हवा. फायबरची जाळी नखांनी फाटते, वेल्क्रोनं चिकटवलेली जाळी एका धडकेत सुटते आणि घडीची प्लीटेड जाळी तर भार घेण्यासाठी बनलेलीच नसते. खिडकीला स्टेनलेस स्टीलची जाळी बसवा आणि तीही कडेवरच तपासा. कोपऱ्यात तळव्यानं दाबल्यावर रबराच्या पट्टीतून जाळी निसटता कामा नये. सगळ्यात विसरली जाते ती बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी. एक पट्टी क्लिपमधून सरकली की पलीकडे थेट डक्ट असतो. त्या चौकटीवर आतून स्टीलची वेल्डेड जाळी स्क्रूनं बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

या सगळ्याला मर्यादा आहेत. प्लास्टिकची कोणतीही जाळी चावऱ्या मांजरापुढे कायमची टिकत नाही. अशा मांजरासाठी धाग्यात स्टीलची तार गुंफलेली जाळी घ्यावी किंवा सरळ धातूची. उन्हानं धागा आतून मरतो. दर पावसाळ्यानंतर सर्वाधिक ऊन लागणाऱ्या बाजूचा धागा नखानं खरवडून बघा. पांढरी पूड निघाली किंवा धागा वाकवताच कडक लागून तंतू सुटले, तर ती जाळी दिसायला शाबूत असली तरी तिच्यावर भरवसा नाही.

आता तिसरं उत्तर, कोंडण्याचं. जाळी नसलेल्या घरात काय होतं ते आठवा. बाल्कनीचं दार दिवसभर लावलेलं, खिडक्या बोटभर उघड्या, आणि मांजर काचेमागून बाहेर बघत बसलेलं. खरी कोंडी ती आहे. पक्की जाळी असली की तेच दार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं राहतं आणि मांजर उन्हात पडतं, वारा खातं, कबुतरं न्याहाळतं. आगीच्या वेळीही वेल्ड करून बंद केलेलं ग्रिल माणसांची सुटकेची वाट अडवतं, जाळी मात्र कात्रीनं कापता येते. धातूची जाळी लावणाऱ्यांनी मात्र एक भाग आतून उघडता येईल असा ठेवावा.

इमारतीचा चेहरा बदलतो म्हणून हरकत घेणाऱ्या सोसायट्यांनाही एक सांगणं आहे. कबुतरांच्या जाळ्या तुम्ही मजल्यामजल्यांवर चालू दिल्या आहेत. रेलिंगच्या आतल्या रेषेत लावलेली काळी जाळी त्यापेक्षा कमी दिसते. तेव्हा जाळीचा रंग आणि जागा ठरवून द्या, आणि मग परवानगी अडवू नका. मांजरवाल्यांनी जाळीवाल्याला पैसे देण्याआधी बाल्कनीच्या चारही कडांवरून हात फिरवावा. जिथे तीन बोटं आत जातात तिथलं काम पुन्हा करून घ्यावं. ते होईपर्यंत बाल्कनीचं दार बंदच ठेवावं.