चेहरा झोपेची साक्ष देत नाही

आदिलाबादच्या मराठी घरांत लग्न ठरलेल्या मुलीला एक सल्ला हमखास मिळतो: रात्री लवकर झोप, चेहरा खुलेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळे दिसली की उलट बाजूने तोच सल्ला येतो: जागरणं कमी कर. नाईट क्रीमच्या जाहिराती याच समजावर चालतात. या समजात दोन दावे आहेत. झोपेने रूप उजळते हा एक, आणि चेहरा पाहून माणसाची झोप ओळखता येते हा दुसरा. पहिल्यात थोडे तथ्य आहे. दुसरा चुकीचा आहे आणि घातकही आहे.

आधी पहिला दावा पाहू. त्याच्या बाजूचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा स्टॉकहोमच्या करोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधला, 2010 सालचा. 23 तरुण-तरुणींचे दोनदा फोटो काढले: एकदा पुरेशा झोपेनंतर, एकदा पाचच तास झोपून पुढे 31 तास जागल्यावर. मेकअप नाही, केस मागे, प्रकाश तोच. 65 अनोळखी माणसांनी 100 पैकी गुण दिले. आकर्षकतेचे सरासरी गुण 40 वरून 38 झाले. थकवा मात्र 44 वरून 53 वर गेला. म्हणजे जागलेला माणूस दमलेला दिसला, पण रूप गेले ते दोन गुणांनी. पुढच्या अभ्यासात हा थकवा कशात दिसतो तेही नोंदवले गेले: जड पापण्या, लाल व सुजलेले डोळे, फिकट कांती, खाली झुकलेले ओठांचे कोपरे.

त्वचेवर जागरणाचा आणखी एक परिणाम होतो, पण तो आरशात दिसणारा नाही. चिकटपट्टीने त्वचेचा वरचा पातळ थर काढून पाहिल्यावर, रात्रभर जागलेल्या स्त्रियांत तो भरून यायला जास्त वेळ लागल्याचे 2001 मध्ये आढळले. हे दुरुस्तीचे काम मंदावणे आहे. त्यावरून एका रात्रीत सुरकुत्या पडतात किंवा एका झोपेत कांती उजळते, असा अर्थ काढता येत नाही.

दुसरा दावा तर मोठ्या चाचणीत टिकलाच नाही. स्वीडनमध्येच 181 जणांचे दोन गट केले. एक रात्रभर जागला, दुसरा झोपला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डोळ्यांचे उघडेपण, डोळ्यांभोवतीचा काळेपणा, ओठांची ठेवण यांपैकी कशातही दोन गटांत फरक निघाला नाही. पाहणाऱ्यांनी ज्यांना दमलेले ठरवले ते प्रत्यक्षात जागलेले असतीलच असे नव्हते.

मग काळी वर्तुळे येतात कुठून? आपल्याकडे बहुधा घराण्यातून, डोळे चोळण्यातून, रक्त कमी असण्यातून. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत सरकीचा-कापसाचा तंतू जातो, ती दिवसभर डोळे चोळते, आणि कातडी काळवंडते. घरी परीक्षा सोपी आहे. उजेडाकडे तोंड वर केल्यावर काळेपणा पुसट झाला तर ती खोबणीची सावली आहे. पापणीखालची कातडी हलकेच ताणूनही रंग तसाच राहिला तर तो त्वचेचा रंग आहे, आणि ताणल्यावर गडद झाला तर खालच्या शिरांमुळे आहे. खालची पापणी ओढून आतला भाग पांढुरका दिसला, तर झोपेचा उपदेश बाजूला ठेवून रिम्समध्ये हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जागरणाच्या नावाखाली पंडुरोग झाकला जाणे ही या समजाची पहिली किंमत आहे.

दुसरी किंमत जास्त मोठी आहे. चेहरा ताजा म्हणजे झोप पुरी, असे आपण धरून चालतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 14 दिवस रोज सहा तासच झोपलेल्यांचे लक्ष हळूहळू इतके ढासळले, की ते रात्र-रात्र जागलेल्यांसारखे झाले. त्यांना स्वतःला मात्र तेवढी झोप येतेय असे वाटत नव्हते. माणसाला आतून कळत नाही, बाहेरच्याला चेहऱ्यावरून कळत नाही.

म्हणूनच मला झोपेची बाजू सौंदर्याच्या नावाने लढवायची नाही. झोपेचे खरे काम लक्ष, स्मरण, दुरुस्ती हे आहे, आणि ते बिघडले की किंमत रस्त्यावर मोजावी लागते. हंगामात कापूस भरलेली गाडी घेऊन रात्री राष्ट्रीय महामार्ग 44 वर निघणाऱ्या चालकाचा चेहरा मालक बघतो आणि म्हणतो, 'बरा दिसतोय, जाऊ दे.' सलग 17 तास जागलेल्याची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी मंदावते. त्याच्या चेहऱ्याला विचारू नका. आज किती वाजता उठलास आणि रात्री किती तास झोपलास, हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर पुरेसे नसेल तर किल्ली परत घ्या.