वाटा तिसरा, जबाबदारी संपूर्ण

भोकरदन परिसरात तिघांनी मिळून मिरचीचा व्यापार करायचा आणि भांडवलासाठी पतसंस्थेकडून एकत्र कर्ज घ्यायचे, ही कल्पना कोणालाच नवी वाटणार नाही. समजा, असे सहा लाखांचे कर्ज तिघांच्या नावे निघाले. ‘प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख’ असे आपसांत ठरले आणि त्याच समजुतीने तिघांनी सह्या केल्या. व्यापार बुडाला. एकजण गाव सोडून गेला, दुसऱ्याने हात वर केले. तिसऱ्याचे बाजारपेठेत दुकान आहे. वसुलीची नोटीस त्याच्या दारी येते, ती दोन लाखांची नसून पूर्ण सहा लाखांची आणि व्याजाची असते.

हा अन्याय नसून १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा नियम आहे. कलम ४३ सांगते की अनेकांनी मिळून वचन दिले असेल, तर धनको त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण वचन पुरे करून घेऊ शकतो. करारनाम्यात ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ असे जे शब्द असतात, त्यांचा अर्थ हाच. संस्था कोणाला गाठणार, ही तिची निवड असते आणि ती साहजिकच ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याला गाठते. सहकारी पतसंस्थेला त्यासाठी दिवाणी दाव्याचा लांबचा मार्गही धरावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जप्ती होऊ शकते. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर येणे रकमेच्या पन्नास टक्के आधी भरावे लागतात.

‘मी तर नुसता जामीनदार होतो’ हे उत्तरही संस्थेपुढे टिकत नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला आधी कर्जदाराकडून वसुलीचे सर्व उपाय करून पाहण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती रद्द केली. जामीन घेण्याचा हेतूच अशा अटीने निष्फळ होतो, हे त्यामागचे कारण.

मग सहकर्जदार आणि जामीनदार यांत फरक तो काय? तो संस्थेसमोर नव्हे, पैसे भरल्यानंतर दिसतो. आपल्या उदाहरणातील दुकानदाराने सहकर्जदार म्हणून सहा लाख भरले, तर इतर दोघांकडून प्रत्येकी दोन लाख मागण्याचा त्याला हक्क आहे. गाव सोडून गेलेल्याकडे काहीच नसेल, तर ती तूट उरलेल्या दोघांत सारखी वाटली जाते आणि त्याला दुसऱ्याकडून तीन लाख मिळू शकतात. कायद्यानेच तीन हजारांच्या कर्जाचे असे उदाहरण दिले आहे. पण स्वतःचे तीन लाख गेलेच. तोच माणूस जामीनदार असता, तर कलम १४५ प्रमाणे भरलेली पूर्ण रक्कम मूळ कर्जदाराकडून मागू शकला असता, आणि संस्थेकडे तारण असेल तर त्यावरील तिचा हक्कही त्याच्याकडे आला असता. म्हणून ज्याला व्यवहारातून काहीच मिळणार नाही, त्याने सहकर्जदाराच्या रकान्यात सही करणे म्हणजे हा संरक्षक हक्क स्वतःच सोडून देणे होय.

आणखी एक गैरसमज येथे घडतो. एकजण ‘माझे दोन लाख’ भरून मोकळा झाल्याचे मानतो. त्या पावतीने फक्त खात्यातील बाकी कमी होते. उरलेल्या चार लाखांसाठी तो बांधीलच राहतो. संस्थेने त्याला लेखी मुक्त केले, तरी कलम ४४ प्रमाणे इतर दोघे सुटत नाहीत, आणि त्यांच्यापुरती त्याची जबाबदारीही संपत नाही.

आपसांतील वाटणी तोंडी न ठेवता मुद्रांकावर लिहून घ्यावी. करारातून विरुद्ध हेतू दिसत नसेल, तरच कायदा समान वाटा धरतो. त्यामुळे ज्याने चार लाख वापरले, त्याचा वाटा चार लाख असल्याचे कागदावर हवे. हा कागद संस्थेला बांधत नाही, परंतु पुढे वसुलीच्या दाव्यात तोच पुरावा ठरतो. जामीनदाराने आपली मर्यादा, उदाहरणार्थ ‘दोन लाखांपर्यंत’, जामीनपत्रातच लिहवून घ्यावी. भरणा करण्याची वेळ आलीच, तर तो स्वतःच्या खात्यातून करावा व पावती स्वतःच्या नावाची घ्यावी. इतरांवरील दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. नातेसंबंधाच्या भिडेने ही मुदत निघून गेली, तर हक्क असूनही पैसे मिळणे कठीण होते.