मोटर सुरू होताच दिवे का मंदावतात?

पहाटे पाण्याची टाकी भरण्यासाठी पंपाचे बटण दाबताच देवघरातील दिवा क्षणभर मंद होतो, आणि फ्रिज सुरू होतानाही तेच घडते. स्थिर असलेल्या मोटरला गती घेताना नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह लागतो. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ६ अँपिअर घेत असेल, तर आरंभी तो ३० अँपिअरपर्यंत घेतो. एवढा प्रवाह तारांतून जाताना थोडा दाब वाटेतच खर्च होतो व दिव्याला कमी मिळतो. पापणी लवेपर्यंतची किंचित मंदी स्वाभाविक आहे. ती पूर्वीपेक्षा वाढली, तर मात्र एखादा सांधा सैल झाल्याची शंका घ्यावी.

प्रथम कोणकोणते दिवे मंदावतात ते पाहावे. एकाच खोलीतील मंदावत असतील, तर दोष त्या खोलीच्या वायरिंगमध्ये असतो. संपूर्ण घरातील मंदावत असतील, तर तो मीटर, मेन स्विच किंवा वितरण पेटीच्या बाजूस असतो. शेजाऱ्यांकडेही तेच होत असेल, तर वीज कंपनीस कळवावे. काही दिवे मंद आणि काही अधिक प्रखर होत असतील, तर मुख्य न्यूट्रल तार सुटत असल्याची ती खूण आहे. अशा वेळी मेन स्विच त्वरित बंद करावा.

एका घरात सर्व दिवे मंदावत होते, शेजारी मात्र काही नव्हते. पंपाचा आरंभ क्षणाचाच असल्याने वायरमनने मोजणीसाठी २००० वॅटचा गिझर लावला. त्याचा प्रवाह सुमारे ८.५ अँपिअर व स्थिर असतो. गिझर बंद असताना मेन स्विच व वितरण पेटी या दोन्ही ठिकाणी २२८ व्होल्ट होते. गिझर लावताच मेन स्विचवर २२६, तर पेटीत २२० दिसले. सहा व्होल्ट या दोहोंच्या मध्येच नाहीसे होत होते.

मग त्याने मल्टिमीटरची एक टोचणी येणाऱ्या न्यूट्रल तारेवर व दुसरी ती तार ज्या पितळी पट्टीत कसली होती त्या पट्टीवर ठेवली. चांगल्या सांध्यावर येथे जवळजवळ शून्य दिसावे, दिसले ५.५ व्होल्ट. स्क्रू सैल होता आणि तारेचे टोक काळवंडले होते. त्या एका बिंदूवर सुमारे ४५ वॅट उष्णता निर्माण होत होती. पंपाच्या आरंभी तेथेच २० व्होल्टच्या आसपास दाब गळत होता. पुरवठा बंद करून जळके टोक कापले, तार सोलून नव्याने कसली, आणि पुन्हा मोजता पेटीत २२५.५ व्होल्ट मिळाले.

चालू पुरवठ्यावरील ही मोजणी परवानाधारक वायरमननेच करावी आणि मीटरचे सील कोणी तोडू नये. गृहस्थाने करण्याजोगे काम निरीक्षणाचे आहे. स्विचबोर्ड गरम लागणे, जळका वास येणे, प्लग तपकिरी पडणे ही आग लागण्यापूर्वीची लक्षणे असून, दिव्याचे मंदावणे बहुधा त्यांच्याही आधी दिसते.