विश्लेषण : कारखान्यात पडून असलेला माल नेमका कोणाचा? आग लागली तर भुर्दंड कोणाला?

मोठ्या कारखान्यांच्या गोदामात ठेवलेले सगळे सुटे भाग त्या कारखान्याचे असतातच असे नाही. बराच माल वापरला जाईपर्यंत पुरवठादाराच्याच मालकीचा असतो. एरवी कोणाला त्याची फिकीर नसते. आग लागली किंवा खरेदीदार कंपनी बुडाली, की मात्र हाच प्रश्न लाखमोलाचा ठरतो.

‘व्हीएमआय’ आणि ‘कन्साइनमेंट’ एकच आहेत का?

नाहीत, आणि बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’ म्हणजे व्हीएमआयमध्ये माल कधी आणि किती भरायचा हे पुरवठादार ठरवतो. खरेदीदार किमान आणि कमाल साठा सांगतो आणि रोजचा वापर कळवतो. माल कोणाचा, याबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही. कन्साइनमेंटमध्ये माल खरेदीदाराच्या जागेत असतो, पण मालकी पुरवठादाराकडे राहते. दोन्ही पद्धती अनेकदा एकत्र वापरल्या जातात, पण करारात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागतात.

मालकी कधी बदलते?

वस्तुविक्री कायदा, १९३० नुसार ठरावीक मालाची मालकी दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या वेळी बदलते. कन्साइनमेंटमध्ये ही वेळ बहुधा ‘रॅकवरून माल उचलला तो क्षण’ अशी लिहिलेली असते. याच कायद्याचे कलम २६ सांगते, की वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. म्हणजे माल ज्याचा, नुकसान त्याचे.

प्रत्यक्षात हिशेब कसा होतो?

समजा, भोसरीतील एका लघुउद्योजकाने चाकणच्या कारखान्यात प्रत्येकी २०० रुपयांचे ३,००० ब्रॅकेट ठेवले. एकूण माल सहा लाखांचा. त्यातले १,४०० वापरले गेले, शुक्रवारच्या अहवालात आले आणि त्यांचे बिलही निघाले. पुढच्या तीन दिवसांत आणखी ४०० उचलले गेले, पण ते अहवालात यायचे होते. उरलेले १,२०० रॅकवर होते. सोमवारी रात्री गोदामाला आग लागली.

पहिल्या १,४०० नगांचे २ लाख ८० हजार रुपये खरेदीदाराने द्यायचेच आहेत. मधल्या ४०० नगांची मालकीही बदललेली आहे, बिल निघालेले नसले तरी. पण ते ८० हजार मिळवायचे तर माल उचलल्याच्या चिठ्ठ्या किंवा स्कॅनची नोंद हवी. ती नोंद खरेदीदाराच्याच संगणकावर असते, ही पुरवठादाराची अडचण. रॅकवरचे २ लाख ४० हजार मात्र पुरवठादाराचे गेले.

खरेदीदाराची काहीच जबाबदारी नाही?

आहे, पण मर्यादित. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी वाजवी काळजी घ्यावी, असे करार कायद्याचे कलम १५१ सांगते. तेवढी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना नुकसानीची भरपाई मागता येत नाही. म्हणून ‘माल ताब्यात असेपर्यंत जोखीम खरेदीदाराची’ असे वाक्य करारात असणे मोलाचे. विम्याचेही तसेच. खरेदीदाराच्या आगीच्या विम्यात ‘दुसऱ्याचा सांभाळायला घेतलेला माल’ असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो सहसा धरला जात नाही. पुरवठादाराच्या विम्यात चाकणचा पत्ता नसेल, तर तिथेही हात रिकामे.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर?

इथे चित्र उलटते. आगीत नडलेली मालकी इथे पुरवठादाराला वाचवते. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार कराराने ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल कंपनीच्या मालमत्तेत धरला जात नाही. म्हणजे रॅकवरचे १,२०० ब्रॅकेट परत मागता येतात. वापरलेल्या १,८०० नगांच्या ३ लाख ६० हजारांसाठी मात्र इतर देणेकऱ्यांबरोबर दावा लावून थांबावे लागते आणि हाती बहुधा थोडेच पडते.

पण परत मागायचा माल ओळखता आला पाहिजे. तेच ब्रॅकेट कंपनीने रोखीनेही घेतले असतील आणि एकाच रॅकमध्ये मिसळले असतील, तर आपले कोणते हे सिद्ध करणे कठीण.

मग पुरवठादाराने काय पाहावे?

स्वतंत्र रॅक आणि त्यावर आपल्या नावाची पाटी. डिलिव्हरी चलनावर ‘विक्री नव्हे, कन्साइनमेंट’ असा शेरा. महिन्यातून एकदा दोघांच्या सह्यांची मोजणी. आणि तारखेवर लक्ष, कारण विक्री ठरण्याआधी ‘पसंत पडल्यास विक्री, नाहीतर परत’ या तत्त्वावर पाठवलेल्या मालाचे जीएसटी बिल सहा महिन्यांत काढावेच लागते, माल वापरला गेला नसला तरी. सहा महिने न हललेला रॅक म्हणजे पैसे न मिळता भरावा लागणारा कर. असा माल वेळीच परत आणावा किंवा ठरावीक दिवसांनंतर तो खरेदीदाराने विकत घ्यावा, अशी अट सुरुवातीलाच घालून घ्यावी.